ऑन-ऑफ व्हॉल्व्हचा फीडबॅक आणि ट्रॅव्हल टाइमचा फॉल्ट: फिल्टर हाउसवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जलशुद्धीकरण केंद्राच्या फिल्टर हाउसमध्ये प्रत्येक बेडला पाच-सहा व्हॉल्व्ह असतात: इनलेट, आउटलेट, बॅकवॉशच्या पाण्याचा, हवेचा आणि घाण पाणी बाहेर सोडणारा. मी बरीच वर्षं या व्हॉल्व्हच्या इन्स्ट्रुमेंटेशनचं आणि पीएलसीचं काम करतो. साइटवर ऑपरेटर, फिटर आणि नवे प्रोग्रॅमर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. सगळी उदाहरणं एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हची आहेत: 300 मिमीचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, वर स्प्रिंग रिटर्न न्यूमॅटिक ॲक्च्युएटर, 24 व्होल्ट डीसीचा सोलेनॉइड आणि डोक्यावर लिमिट स्विच बॉक्स. सोलेनॉइडला सप्लाय मिळाला की हवा आत जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. सप्लाय गेला की हवा बाहेर सुटते आणि स्प्रिंग त्याला बंद करते.

सोलेनॉइडला सप्लाय दिला म्हणजे व्हॉल्व्ह उघडलाच. मग दोन-दोन लिमिट स्विच कशाला?

पीएलसीने आउटपुट दिला, एवढंच आउटपुटवरून कळतं. कॉइल जळलेली असेल, एअरची नळी निसटलेली असेल, रेग्युलेटर कोणी बंद केला असेल किंवा डिस्कमध्ये लाकडाचा तुकडा अडकला असेल, तरी स्क्रीनवर व्हॉल्व्ह हिरवाच दिसत राहील.

एकच स्विच लावून पैसे वाचवण्याचा विचार खूप ठिकाणी होतो. समजा फक्त उघडल्याचा स्विच लावला. तो ऑफ झाला म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही, एवढंच समजलं. बंद झाला की अर्ध्यात अडकला, ते समजलं नाही. फिल्टर बेडवर हा फरक महागात पडतो. आउटलेट अर्धवट उघडा असताना बॅकवॉश सुरू झाला, तर खालून सोडलेलं पाणी वाळू उचलण्याऐवजी आउटलेटच्या पाइपातून सरळ शुद्ध पाण्याच्या बाजूला निघून जातं. बेड धुतला जात नाही आणि स्क्रीनवर मात्र 'वॉश पूर्ण' असं येतं. म्हणून 'उघडा नाही' आणि 'बंद आहे' या दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या स्विचनीच सांगितल्या पाहिजेत.

दोन स्विचच्या चार अवस्था होतात. त्यांचा अर्थ कसा लावायचा?

उघडल्याच्या स्विचला ZSO आणि बंद झाल्याच्या स्विचला ZSC म्हणू. ड्रॉइंगवर आणि स्क्रीनवर बहुतेक हीच नावं दिसतात. फक्त ZSO आला तर व्हॉल्व्ह उघडा, फक्त ZSC आला तर बंद. दोन्ही नाहीत तेव्हा तो वाटेत आहे असं आपण धरतो. पण स्विच बॉक्सचा सप्लाय गेला किंवा केबल तुटली तरी नेमकं हेच दिसतं. चालता व्हॉल्व्ह आणि तुटलेली वायर या क्षणी सारखेच दिसतात, त्यांना वेगळं करते ती फक्त वेळ. चालता व्हॉल्व्ह थोड्या सेकंदांत कुठे तरी पोचतो, तुटलेली वायर कुठेच पोचत नाही.

दोन्ही एकदम आले, तर तो व्हॉल्व्हचा दोष नसतो. शाफ्ट एकाच वेळी दोन टोकांना असू शकत नाही, म्हणजे स्विच, कॅम किंवा वायरिंग खोटं बोलतंय. हा फॉल्ट मी वेगळ्या नावाने दाखवतो, कारण त्यासाठी पान्हा नव्हे तर मल्टिमीटर घेऊन जायचं असतं.

ट्रॅव्हल टाइमचा टायमर किती ठेवायचा?

'सगळ्यांना 30 सेकंद ठेवून दे' हे उत्तर मी खूप वेळा ऐकलं आहे. पाच सेकंदांत बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला 30 सेकंद दिले, तर तो जवळपास निकामी होईपर्यंत अलार्म येणार नाही.

व्हॉल्व्ह जागेवर बसवून, लाइनमध्ये पाण्याचा नेहमीचा दाब असताना दोन्ही दिशांना निदान दहा-दहा वेळा चालवा आणि वेळ मोजा. त्यानंतर एअरचा दाब तुम्हाला चालेल तेवढा कमी करा, म्हणजे हेडर एरवी 6 बारला असेल तर 4.5 बारवर आणा, आणि पुन्हा मोजा. या सगळ्या आकड्यांतला सर्वांत मोठा घेऊन त्याची दीडपट हा फॉल्टचा टायमर ठेवा. उघडण्याचा आणि बंद होण्याचा टायमर वेगळा हवा, कारण उघडताना हवा स्प्रिंगविरुद्ध ढकलते आणि बंद होताना स्प्रिंग एकटी काम करते. दोन्हींची वेळ सहसा सारखी नसते. एक-दीड सेकंदात फिरणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला दीडपट पुरत नाही, तिथे मोजलेल्या वेळेत सरळ दोन-तीन सेकंद मिळवावेत.

फॉल्ट येण्याआधी दोष कळू शकतो का?

कळतो, आणि हे सगळं लिहिण्यामागचं माझं खरं कारण हेच आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये कमांड दिल्यापासून दुसऱ्या टोकाचा स्विच येईपर्यंत एकच वेळ मोजतात. मी तिचे दोन भाग करतो. कमांडपासून जुना स्विच सुटेपर्यंतचा पहिला भाग, त्याला आम्ही 'सुटण्याची वेळ' म्हणतो. जुना स्विच सुटल्यापासून नवा लागेपर्यंतचा दुसरा भाग म्हणजे 'चालण्याची वेळ'. यासाठी जास्तीचं हार्डवेअर लागत नाही. तेच दोन स्विच, फक्त एक टायमर जास्त.

आता या दोन वेळा वेगवेगळ्या दोषांत कशा बदलतात ते पाहा. रबर सीटचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद राहिला की डिस्क सीटला चिकटते. अशा व्हॉल्व्हला उघडायला सांगितलं की आधी हवेचा दाब साठतो, मग डिस्क एकदम सुटते आणि पुढे नेहमीच्या वेगाने फिरते. म्हणजे उघडताना सुटण्याची वेळ वाढली आणि चालण्याची तीच राहिली, तर सीटकडे बघा. बॅकवॉशच्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन वॉशच्या मधला सगळा वेळ बंदच असतो, त्यामुळे त्याच्यावर हे सर्वांत आधी दिसतं.

रेग्युलेटरचा दाब कमी झाला किंवा एअर फिल्टर तुंबला, तर उघडण्याच्या दोन्ही वेळा वाढतात आणि बंद होण्याच्या वेळेला काहीच होत नाही, कारण बंद करणारी स्प्रिंग हवेवर अवलंबून नसते. याउलट बंद होतानाच्या दोन्ही वेळा वाढल्या आणि उघडणं ठणठणीत असेल, तर हवा आत नीट जाते आहे पण बाहेर सुटत नाही.

याचं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

एका केंद्रावर पावसाळा सुरू झाल्यावर ऑपरेटर म्हणायला लागले, 'साहेब, चार नंबरचा वॉश लांबतोय.' अलार्म एकही नव्हता. जुन्या प्रोग्रॅममध्ये आउटलेट व्हॉल्व्हला 20 सेकंदांचा टायमर होता. मी सुटण्याची आणि चालण्याची वेळ वेगळी नोंदवायला सुरुवात केली आणि आधीच्या कमिशनिंगच्या वहीतले आकडे शेजारी मांडले. वहीत उघडण्याची एकूण वेळ 6 सेकंद होती, आता 6.1 आली. बंद होताना सुटण्याची वेळ 0.6 सेकंद होती ती 1.9 झाली होती, आणि बंद होण्याची एकूण वेळ 5 सेकंदांवरून 11.5 वर गेली होती.

फिटरचं पहिलं मत होतं की व्हॉल्व्ह जाम झाला आहे, काढायला लागेल. 300 मिमीचा व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे बेड रिकामा करा, चेन ब्लॉक लावा, पूर्ण दिवस गेला. पण व्हॉल्व्ह जाम असता तर उघडतानाही वेळ लागला असता, आणि उघडणं तर पूर्वीसारखंच होतं. म्हणून आधी सोलेनॉइडच्या एक्झॉस्टकडे गेलो. तिथे पितळेचा छोटा सायलेन्सर असतो, सच्छिद्र, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. बेड सेवेबाहेर घेऊन, व्हॉल्व्ह बंद आणि हवा सुटलेली आहे याची खात्री करून तो उघडला. आत काळपट चिकट गाळ बसला होता: कॉम्प्रेसरचं तेल, पावसाळ्यात लाइनमध्ये साठलेलं पाणी आणि धूळ यांचा. नवा सायलेन्सर लावून व्हॉल्व्ह उघडून बंद केला, 5.1 सेकंद. त्याच दिवशी ड्रायरचा ऑटो ड्रेन तपासला, तो अडकलेला होता. गाळ तिथूनच येत होता.

मोजलेल्या सर्वांत मोठ्या वेळेच्या दीडपट टायमर असता तर बंद होण्याचा फॉल्ट साडेसात-आठ सेकंदांवरच आला असता. मी आता त्याच्याही आधी, सव्वापट वेळेला, फक्त इशारा देतो. इशाऱ्याने काहीही थांबत नाही, देखभालीच्या यादीत एक ओळ वाढते एवढंच.

वेळ कमी झाली तर? लवकर बंद होणं चांगलंच ना?

नाही. हे फार कमी लोक तपासतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका जागी ZSC चा स्विच अधूनमधून दगा द्यायचा आणि रात्रपाळीला वॉश अडकायचा. कंटाळून कोणीतरी जंक्शन बॉक्समध्ये ZSC च्या टर्मिनलला वायरचा छोटा तुकडा लावून सिग्नल कायमचा चालू करून ठेवला. तो तुकडा मला काही आठवड्यांनी सापडला, टर्मिनलच्या मागे दाबून बसवलेला, निळ्या रंगाचा. तोवर पीएलसीच्या दृष्टीने व्हॉल्व्ह सुटला की लगेच 'बंद' होत होता. बंद करण्याची कमांड गेली, ZSO सुटला, ZSC तर आधीपासूनच आहे, झालं, क्रम पुढे सरकला. डिस्क तेव्हा जेमतेम हलायला लागलेली असायची आणि ब्लोअर सुरू व्हायचा.

हे दोन तऱ्हांनी पकडता आलं असतं. व्हॉल्व्ह उघडा असताना ZSO आणि ZSC दोन्ही दिसत होते, पण प्रोग्रॅममध्ये तो फॉल्टच लिहिलेला नव्हता. आणि एरवी पाच सेकंद लागणारं बंद होणं एका सेकंदाच्या आत 'पूर्ण' होत होतं. म्हणून आता मी किमान वेळही ठेवतो: नेहमीच्या वेळेच्या निम्म्याहून लवकर पोचला, तर स्विचचा फॉल्ट. अडकलेला प्रॉक्सिमिटी स्विच, सरकलेला कॅम आणि लावलेला जंपर, तिन्ही यात सापडतात.

पीएलसीत हे लिहायचं कसं?

गाभा लहान आहे. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये असं:

```
IF Cmd <> CmdOld THEN
  Arrived := FALSE;
  tTravel(IN := FALSE, PT := T#0s);
  CmdOld := Cmd;
END_IF;

AtPos := (Cmd AND ZSO AND NOT ZSC)
      OR (NOT Cmd AND ZSC AND NOT ZSO);
IF AtPos THEN Arrived := TRUE; END_IF;

tTravel(IN := NOT Arrived AND AirOK,
        PT := SEL(Cmd, T_Close, T_Open));
tLost(IN := Arrived AND NOT AtPos, PT := T#1s);
tBoth(IN := ZSO AND ZSC, PT := T#2s);

IF tTravel.Q THEN TravelFault := TRUE; END_IF;
IF tLost.Q   THEN LostFault   := TRUE; END_IF;
IF tBoth.Q   THEN SwitchFault := TRUE; END_IF;
```

यात `Cmd` हा सोलेनॉइडचा आउटपुट, 1 म्हणजे उघड. कमांड बदलली की टायमर शून्यावर यायलाच हवा. नाही तर अर्ध्या वाटेत कमांड उलटली की जुनी वेळ नव्या दिशेच्या खात्यावर पडते आणि खोटा फॉल्ट येतो. `Arrived` मुळे 'पोचलाच नाही' आणि 'पोचून नंतर जागा सोडली' हे दोन फॉल्ट वेगळे राहतात. दुसरा फॉल्ट बहुधा हवेची गळती किंवा कोणीतरी सोलेनॉइडची मॅन्युअल पिन स्क्रूड्रायव्हरने फिरवल्याचा असतो. `tLost` चा एक सेकंद मुद्दाम आहे: शेजारी ब्लोअर सुरू झाला की पाइप थरथरतो आणि काठावर सेट केलेला स्विच क्षणभर सुटतो. सुटण्याची वेळ आणि किमान वेळ यांचे टायमर याच धर्तीवर जोडता येतात.

कॉम्प्रेसर बंद पडला की सगळ्या व्हॉल्व्हचे अलार्म एकदम येतात. त्याचं काय करायचं?

वरच्या कोडमधलं `AirOK` त्यासाठीच आहे. एअर हेडरवर एक प्रेशर स्विच लावा. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की एकच ठळक अलार्म द्या, 'एअरचा दाब कमी', आणि ट्रॅव्हलचे टायमर थांबवा. तीस व्हॉल्व्हचे साठ अलार्म पडद्यावरून धावत असताना ऑपरेटरला मूळ कारण दिसत नाही. मात्र दाब कमी असताना वॉशचा क्रमही जागच्या जागी थांबला पाहिजे. टायमर थांबवून क्रम चालू ठेवला, तर तुम्ही राखणदाराला झोपवून दार उघडं ठेवलं असं होईल.

स्विच बॉक्सच्या 24 व्होल्ट सप्लायचंही हेच. एमसीबी पडला की सगळ्या व्हॉल्व्हचे दोन्ही फीडबॅक एकाच क्षणी जातात. त्या एमसीबीचा सहायक संपर्क एका इनपुटला आणा, शोधाशोध वाचते.

फॉल्ट आल्यावर आउटपुट काढायचा की तसाच ठेवायचा?

ते व्हॉल्व्ह कोणतं काम करतो त्यावर ठरतं. बॅकवॉशच्या पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेत उघडला नाही तर मी आउटपुट काढतो आणि पंपाला सुरू होऊ देत नाही. ZSO आल्याशिवाय पंप चालू झाला तर तो बंद व्हॉल्व्हवर पाणी घुसळत बसतो आणि तापतो. आउटलेट व्हॉल्व्ह वेळेत बंद झाला नाही, तर काढायला आउटपुट उरलेलाच नसतो, स्प्रिंग जे करायचं ते करते आहे. तिथे क्रम थांबवायचा, ब्लोअर आणि पंपाला परवानगी नाकारायची आणि माणूस पाठवायचा.

फॉल्ट आपोआप पुसला जाऊ नये. व्हॉल्व्ह उशिरा का होईना पोचला, तरी ऑपरेटरने रीसेट दाबेपर्यंत फॉल्ट दिसत राहायला हवा. आणि रीसेट दाबल्यावर व्हॉल्व्ह हलता कामा नये. फिटरचा हात ॲक्च्युएटरजवळ असू शकतो. रीसेटनंतर उघडण्याची कमांड नव्याने द्यावी लागेल, असंच लिहा.

लिमिट स्विच कुठे सेट करायचे?

बॉक्सचं झाकण काढलं की शाफ्टवर दोन रंगीत कॅम दिसतात. स्प्रिंगविरुद्ध बोटाने उचलून ते दातांवर फिरवता येतात, बहुतेक बॉक्सना हत्यार लागत नाही. व्हॉल्व्ह हवेने किंवा स्प्रिंगने पूर्ण टोकाला नेऊन, तिथे स्विच लागल्यावर कॅम आणखी थोडा पुढे घ्यायचा, म्हणजे थरथरीने तो सुटणार नाही. पण बंदच्या बाजूला हात आखडता ठेवा. स्विच पंधरा अंश आधीच लागला, तर डिस्क अजून सीटला टेकलेली नसताना 'बंद' येतं आणि पाणी गळत राहतं. दोन-तीन अंश पुरे. सेट केल्यावर पाच वेळा चालवून बघा आणि झाकण लावताना रबरी गॅस्केट जागेवर बसली आहे ना ते पाहा. पावसाळ्यात स्विच बॉक्समध्ये पाणी शिरतं ते सरकलेल्या गॅस्केटमधून किंवा नीट न आवळलेल्या केबल ग्लँडमधून.

दोन्ही फीडबॅक बरोबर, वेळही बरोबर, तरी बेडमधून पाणी गळतंय. असं कसं?

स्विच बॉक्स ॲक्च्युएटरच्या शाफ्टवर बसलेला असतो, डिस्कवर नाही. ॲक्च्युएटर आणि व्हॉल्व्हच्या मधली चावी तुटली किंवा डिस्कची पिन गेली, तर वर सगळं छान फिरतं आणि खाली डिस्क हलत नाही. सीट फाटली असेल तर डिस्क जागेवर असूनही पाणी जातं. यातलं काहीही लिमिट स्विच दाखवू शकत नाही. तुटलेली चावी कधी कधी वेळेत दिसते: डिस्कचा भार गेल्यामुळे सुटण्याची वेळ अचानक कमी होते आणि तशीच राहते. पण त्यावर विसंबू नका. आउटलेट बंद केल्यावर आउटलेटच्या फ्लोमीटरचा आकडा शून्यावर येतो का, फ्लोमीटर नसेल तर इनलेटही बंद ठेवून बेडची पातळी दहा मिनिटं स्थिर राहते का, हे महिन्यातून एकदा प्रत्येक बेडवर पाहा.

कोणते आकडे जपून ठेवायचे?

प्रत्येक व्हॉल्व्हचे चार: उघडताना सुटण्याची आणि चालण्याची वेळ, बंद होताना सुटण्याची आणि चालण्याची वेळ. शेजारी त्या दिवशीचा एअरचा दाब. कमिशनिंगच्या दिवशीचे चार आकडे स्काडाच्या त्या व्हॉल्व्हच्या पॉपअपवर कायम दिसू द्या आणि खाली शेवटच्या फेरीचे चार. आमच्या एका ऑपरेटरने ते दोन ओळींत बघून, अलार्म यायच्या आधी, सात नंबरचा सायलेन्सर स्वतःच बदलायला सांगितला होता.




मोटरवाल्या व्हॉल्व्हला हेच चालेल का?

वेळेचं तत्त्व तेच, पण तिथे टोकाला पोचल्यावर मोटर थांबवण्याचं काम ॲक्च्युएटरमधले लिमिट आणि टॉर्क स्विच करतात. टायमर संपला की मोटरचा आउटपुट काढावाच लागतो, नाही तर वाइंडिंग तापतं. टॉर्क स्विचचा सिग्नल वेगळा इनपुट म्हणून घ्या: वाटेत टॉर्क लागला तर काहीतरी अडकलं आहे, आणि टॉर्क न लागता वेळ संपली तर बहुधा मोटर फिरलीच नाही किंवा लिमिट स्विचचा फीडबॅक आला नाही.